३१ मार्चची संध्याकाळ, जूनमध्येच

सुट्या भागांची घाऊक विक्री करणाऱ्या एका कंपनीचं काम माझ्याकडे होतं. महाराष्ट्रात अठरा डेपो, साधारण तीन हजार डीलर, सगळी बिलं एकाच जीएसटी क्रमांकावर. जुनं सॉफ्टवेअर जाऊन १ जुलैपासून नवं ईआरपी, म्हणजे बिलं, स्टॉक आणि खाती एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, येणार होतं. बिल बनतंय, स्टॉक कमी होतोय, खात्यात नोंद पडतेय, हे सगळं तपासून झालं होतं. पण ते सगळं एका वेळी चार-पाच माणसांनी शांतपणे बसून तपासलेलं. ३१ मार्चला संध्याकाळी पाच वाजता अठरा डेपोंतले नव्वद बिलिंगवाले एकदम कामाला लागतात तेव्हा हेच ईआरपी कसं वागेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते शोधणं म्हणजे परफॉर्मन्स टेस्टिंग. खऱ्या माणसांऐवजी नकली माणसं सोडायची, त्यांनी खऱ्यासारखंच काम करायचं आणि आपण घड्याळ लावून बसायचं.

पहिला प्रश्न असतो, नकली माणसं किती? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "आपल्याकडे चारशे लॉगिन आहेत, चारशे सोडा." या आकड्याचा काही उपयोग नाही. चारशे लॉगिनपैकी निम्मी दिवसातून एकदाच उघडतात. खरा आकडा जुन्या सॉफ्टवेअरमध्येच पडलेला असतो. प्रत्येक बिलावर तारीख आणि वेळ असते. वर्षभराची बिलं तासातासाने मोजली की सगळ्यात मोठा तास सापडतो. आमचा सापडला ३१ मार्चचा, संध्याकाळी पाच ते सहा. त्या एका तासात २,४६० बिलं निघाली होती, तर एरवीच्या दिवशी सगळ्या दिवसात मिळून १,८०० निघत. वर्षअखेर, डीलरांच्या वार्षिक स्कीमचा शेवटचा दिवस, ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी, सगळं त्या तासात येऊन पडतं. पुढच्या वर्षीची वाढ म्हणून दहा टक्के धरले आणि लक्ष्य ठरलं तासाला २,७०० बिलं, म्हणजे मिनिटाला ४५.

नव्वद माणसं मिनिटाला ४५ बिलं काढतात, म्हणजे एक माणूस दोन मिनिटांना एक. या १२० सेकंदांतले मोजून चार सेकंद तो ईआरपीची वाट बघतो. उरलेले ११६ सेकंद तो ऑर्डर वाचतो, गाडी नंबर विचारतो, फोन उचलतो, टाइप करतो. या ११६ सेकंदांना आमच्या भाषेत थिंक टाइम म्हणतात. नकली माणसांना काय करायचं ते सांगणाऱ्या स्क्रिप्टमधून तो वगळला की नव्वद नकली माणसं श्वास न घेता बटणं दाबत सुटतात आणि कुठल्याच डेपोत कधी न घडणारी गर्दी तयार होते. मग जे अडकतं ते खरं की खोटं हे सांगता येत नाही.

स्क्रिप्ट आम्ही जेमीटर या लोड टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहिली. एका बिलाचा खरा प्रवास एकदा रेकॉर्ड करायचा आणि मग त्यातल्या प्रत्येक माणसागणिक बदलणाऱ्या गोष्टी मोकळ्या करायच्या: लॉगिन, डीलर, पार्ट नंबर, संख्या. सर्व्हर दर पानाबरोबर एक गुप्त टोकन पाठवतो आणि पुढच्या क्लिकला ते परत मागतो. तेही आधीच्या उत्तरातून उचलून पुढे द्यावं लागतं. चाचणी चालवताना जेमीटरची खिडकी उघडी ठेवायची नाही, कारण आलेख काढण्यातच लोड टाकणारं मशीन दमतं आणि त्याचा उशीर ईआरपीच्या नावावर लागतो.

```
jmeter -n -t billing.jmx -l result.jtl
```

पहिली फेरी झाली. २,७०० बिलं, सगळी यशस्वी, सरासरी वेळ तीन सेकंदांच्या आत. खोलीत सगळे खूश. मी डेटाबेसमध्ये जाऊन त्या तासात तयार झालेली बिलं मोजली. २,१६४ होती.

उरलेली ५३६ कुठे गेली? सर्व्हरने पाठवलेली पानं उघडून बघितली तर त्यांवर लाल अक्षरांत लिहिलं होतं की डीलरची उधारीची मर्यादा संपली आहे. स्क्रिप्टमध्ये आम्ही चाळीसच डीलर घातले होते. पुन्हापुन्हा त्यांच्याच नावावर बिलं फाटली आणि पाऊण तासाच्या सुमाराला त्यांची मर्यादा संपली. पुढचं प्रत्येक बिल नाकारलं गेलं. पण नकार देणारं पानही सर्व्हरच्या दृष्टीने व्यवस्थित पोचलेलं पान असतं, त्याचा कोड २००, म्हणजे "सगळं ठीक", असाच येतो, आणि जेमीटरला त्यापलीकडचं काही बघायला सांगितलेलं नव्हतं. शिवाय नकार झटकन मिळतो, त्यामुळे सरासरीही छान दिसली. तेव्हापासून माझा नियम आहे की उत्तराच्या पानावर बिल नंबर सापडला तरच ते यश धरायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर डेटाबेसमधली संख्या जेमीटरच्या संख्येशी ताडून बघायची. दोन्ही जुळल्याशिवाय वेळांच्या तक्त्याकडे बघायचंच नाही.

चाळीस डीलरांची आणखी एक अडचण होती. तेच चाळीस डीलर, तेच दोनशे पार्ट पुन्हापुन्हा मागितले की डेटाबेस ती माहिती मेमरीत धरून ठेवतो आणि डिस्कवर जातच नाही. खऱ्या दिवशी तीन हजार डीलर आणि हजारो पार्ट येतात. म्हणून दुसऱ्या फेरीत सगळे डीलर घेतले, जुन्या मार्च महिन्यातल्या खऱ्या ऑर्डरींचं मिश्रण घेतलं आणि चाचणीपुरत्या उधारीच्या मर्यादा वाढवून ठेवल्या.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ज्या कंपन्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावं लागतं. ईआरपी बिलाचा तपशील पाठवतं, पोर्टल त्यावर आयआरएन हा ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड परत देतं, मगच ते बिल छापता येतं. चाचणीत खऱ्या पोर्टलला हात लावता येत नाही, आणि सरकारच्या चाचणी-पोर्टलवर हजारो नकली बिलं ओतणंही योग्य नाही. म्हणून पोर्टलच्या जागी एक छोटा नकली प्रोग्राम उभा करतात, जो काहीही आलं की ठरावीक उत्तर देतो. आमचा नकली प्रोग्राम उत्तर लगेच देत होता. खरं पोर्टल लगेच देत नाही. जुन्या सॉफ्टवेअरच्या लॉगमधून पाहिलं तर गर्दीच्या वेळी आम्हाला उत्तर यायला साधारण १.२ सेकंद लागत होते. मी नकली प्रोग्रामला तेवढं थांबायला लावलं. बदल एका ओळीचा होता.

पुन्हा फेरी सुरू केली. नकली माणसं हळूहळू वाढवत नेतो, प्रत्येक टप्प्यावर वीस मिनिटं थांबतो. तीस माणसांना एक बिल चार सेकंदांत मिळत होतं. साठ माणसांना सहा सेकंद. पंचाहत्तरला बारा. नव्वदला अठ्ठावीस सेकंद, आणि मिनिटाला ४५च्या जागी जेमतेम ३७ बिलं. यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक जण अर्ध्या लोडवर चाचणी घेतात आणि वेळ दुप्पट धरतात. आमच्याकडे साठवर थांबलो असतो तर सहाचे फार तर नऊ होतील असंच वाटलं असतं.

आणि सर्व्हर? त्याचा सीपीयू ३० टक्क्यांवर निवांत होता. मेमरी मोकळी, डिस्क मोकळी. अशा वेळी पहिली सूचना हमखास येते की मोठा सर्व्हर घ्या. पण सीपीयू रिकामा असून लोक थांबलेत याचा अर्थ ते सर्व्हरच्या ताकदीसाठी थांबलेले नाहीत, दुसऱ्याच कशासाठी तरी थांबलेत. कशासाठी, हे डेटाबेसलाच विचारता येतं. आमचा डेटाबेस ओरॅकलचा होता.

```sql
SELECT event, COUNT(*)
FROM v$session
WHERE state = 'WAITING' AND wait_class <> 'Idle'
GROUP BY event
ORDER BY 2 DESC;
```

सगळ्यात वर ओळ आली `enq: TX - row lock contention`, आणि तिच्यापुढे संख्या १५. म्हणजे त्या क्षणी पंधरा जण टेबलातली एकच ओळ मोकळी व्हायची वाट बघत होते. ती ओळ होती बिल नंबरची.

जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक ओळीने यावे लागतात, आर्थिक वर्षात एक क्रमांक दोनदा येता कामा नये आणि तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको. क्रमात भोक पडू नये म्हणून ईआरपी "शेवटचा नंबर कितवा" हे एका ओळीत लिहून ठेवतं. बिल करणारा ती ओळ धरतो, नंबर एकने वाढवतो, आपलं काम पक्कं करतो आणि मग सोडतो. डेपोत एकच पावतीपुस्तक असावं तसं ते आहे. ज्याच्या हातात पुस्तक, तो पावती फाडेल, बाकीचे रांगेत. पुस्तक पाव मिनिट हातात राहिलं तर मिनिटाला चार पावत्या, मग काउंटरवर माणसं कितीही बसवा.

आमच्या ईआरपीत पुस्तक किती वेळ हातात राहत होतं? प्रोग्रामने आधी नंबर घेतला, ०.४ सेकंदात बिलाच्या ओळी आणि खात्याच्या नोंदी लिहिल्या, मग नंबर हातात धरूनच पोर्टलला विचारलं आणि १.२ सेकंद उत्तराची वाट बघितली, मग सगळं पक्कं केलं. एकूण १.६ सेकंद. साठ भागिले १.६ म्हणजे मिनिटाला साडेसदतीस बिलं. हीच ती ३७ची भिंत. नव्वद काय, नऊशे माणसं बसवली तरी अडतिसावं बिल त्या मिनिटात निघणार नाही.

अठ्ठावीस सेकंदही असेच कागदावर निघतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला साधा हिशेब आहे: आत असलेली माणसं = दर × प्रत्येकाचा एकूण वेळ. साडेसदतीस प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ०.६२५. नव्वद भागिले ०.६२५ म्हणजे १४४ सेकंद. त्यातले ११६ माणसाचे स्वतःचे, उरले २८. मोजलेला आकडा आणि हिशेबाचा आकडा असे जुळले की आपण खरं कारण पकडलंय असं छातीठोकपणे सांगता येतं. नाही जुळले तर अजून काहीतरी लपलेलं आहे.

उपाय सांगायला सोपा होता: नंबर घ्या, बिल पक्कं करा, ओळ सोडा, आणि मग पोर्टलकडे जा. लॉक, म्हणजे ओळ धरून ठेवण्याचा वेळ, १.६ वरून ०.४ सेकंदांवर येतो आणि भिंत मिनिटाला १५०वर जाते. पण यात अकाउंट्सचा प्रश्न आहे, आणि तो त्यांच्या मॅनेजरांनी लगेच उचलला.

"सर, पण पोर्टल बंद पडलं तर? नंबर गेला, आयआरएन नाही. असं बिल गाडीबरोबर गेलं तर ते बिलच नाही."

ते बरोबर बोलत होते. म्हणून ठरवलं की आयआरएन येईपर्यंत बिल "प्रलंबित" राहील आणि छपाईचं बटण बंद राहील. मागे चालणारा एक जॉब दर मिनिटाला प्रलंबित बिलं पुन्हा पाठवेल. चूक असल्यामुळे पोर्टलने नाकारलेलं बिल रद्द होईल, पण त्याचा नंबर क्रमात राहील, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दिलेल्या आणि रद्द केलेल्या कागदपत्रांचा जो तक्ता असतो त्यात तो रद्द म्हणून दिसेल. "हे चालेल, हे आम्ही दाखवू शकतो," ते म्हणाले. नियमात एकाहून अधिक मालिका ठेवायलाही परवानगी आहे. प्रत्येक डेपोला वेगळी मालिका दिली असती तर अठरा पावतीपुस्तकं झाली असती. तो मार्ग आम्ही राखून ठेवला, कारण अकाउंट्सला अठरा मालिका रोज जुळवाव्या लागल्या असत्या.

बदल करून तीच फेरी पुन्हा घेतली. नव्वद माणसं, मिनिटाला ४५ बिलं, एक बिल सव्वाचार सेकंदांत. इथे सरासरी सांगून थांबत नाही. शंभर बिलांपैकी नव्वद तीन सेकंदांत आणि दहा चाळीस सेकंदांत निघाली तर सरासरी येते ६.७, ऐकायला ठीक. पण ते दहा लोक तुम्हाला फोन करतात. म्हणून आमची अट होती की शंभरातली पंचाण्णव बिलं आठ सेकंदांच्या आत निघाली पाहिजेत. ती पाळली गेली.

बिलिंग एकटं चालवून मात्र महिनाअखेर पुरी होत नाही. त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडते, जी कुठल्याच गरजांच्या यादीत लिहिलेली नसते. ती मला नाशिकच्या डेपोत बसल्यावर कळली. विभागांचे विक्री मॅनेजर चार वाजल्यापासून "महिन्याची आजपर्यंतची विक्री" हा रिपोर्ट दर पाच-दहा मिनिटांनी काढत राहतात. टार्गेटला किती कमी पडतंय ते त्यांना बघायचं असतं. चोवीस मॅनेजर आहेत. आम्ही तेही स्क्रिप्टमध्ये घातले.

तोपर्यंत चाचणीच्या डेटाबेसमध्ये दोन महिन्यांचीच बिलं होती आणि रिपोर्ट तीन सेकंदांत येत होता. गो-लाइव्हला मात्र सहा वर्षांची बिलं आणायची होती, सुमारे अडीच कोटी ओळी. त्या सगळ्या भरून घ्यायला मी आग्रह धरला, तीन दिवस गेले. मग रिपोर्ट सत्तर सेकंदांवर गेला, आणि तो चालू असताना बिलिंगही मंदावलं, कारण दोघांची डिस्क एकच. कारण दोन होती. बिलाच्या तारखेवरून ओळी पटकन शोधून देणारा इंडेक्स नव्हता, आणि डेटा भरल्यावर टेबलांची आकडेवारी पुन्हा गोळा केलेली नव्हती. डेटाबेस अजून टेबल लहानच समजत होता आणि दर वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. लहान टेबलात तेच शहाणपणाचं असतं, म्हणून दोन महिन्यांच्या डेटावर ही चूक दिसूच शकत नाही. दोन्ही दुरुस्त केल्यावर रिपोर्ट चार सेकंदांवर आला.

रात्रीच्या स्टॉक मूल्यांकनाच्या जॉबलाही असंच पकडलं. पाव डेटावर त्याला वीस मिनिटं लागली, अर्ध्यावर ऐंशी. डेटा दुप्पट, वेळ चौपट. म्हणजे आत कुठेतरी प्रत्येक ओळ इतर सगळ्या ओळींशी ताडली जातेय. पूर्ण डेटावर पाच तास वीस मिनिटं लागणार हे न चालवताच कळलं. रात्री दहा ते सकाळी सात या वेळात ते बसलं असतं, आणि म्हणूनच कुणी लक्ष दिलं नसतं. पण दोन-तीन वर्षांनी डेटा आणखी वाढल्यावर सकाळी डेपो उघडताना जॉब चालूच सापडला असता. ईआरपीवाल्यांनी आतली जुळणी बदलली आणि पूर्ण डेटावर तो पन्नास मिनिटांत संपू लागला.

काही गोष्टी या चाचणीच्या बाहेर राहिल्या. नकली माणसं आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मशीनवरून सोडलेली होती. गडचिरोलीच्या डेपोची लाइन, तिथला प्रिंटर, हे त्यात आलं नाही. त्यासाठी मी दोन डेपोंत माणसं बसवून, लोड चालू असताना प्रत्यक्ष बिलं काढायला लावली. गडचिरोलीत स्क्रीन उघडायला पुण्याच्या तिप्पट वेळ लागला, कारण पानाबरोबर मोठमोठ्या फाइली दर वेळी नव्याने उतरत होत्या. त्या ब्राउझरमध्ये साठवून ठेवण्याची सोय सुरू केल्यावर फरक गेला.

१ जुलैला ईआरपी सुरू झालं. खरी परीक्षा पुढच्या ३१ मार्चला झाली. पाच ते सहा या तासात २,६१० बिलं निघाली. पावणेसहाच्या सुमाराला पोर्टलचं उत्तर यायला दहा-बारा सेकंद लागू लागले आणि प्रलंबित बिलांची संख्या ३४०वर गेली. बिलिंगचे पडदे चालू राहिले, नंबर ओळीने पडत राहिले. डेपोंतून फोन आले ते "छापता येत नाही" असे. अकाउंट्सने सगळ्यांना एकच सांगितलं, गाडी थांबवा, बिल येतंय. सव्वासहाला पोर्टल पूर्ववत झालं आणि साडेसहापर्यंत शेवटच्या प्रलंबित बिलावर क्यूआर कोड आला होता.